‘१०० टक्के मुलांपर्यंत’ ते ‘२२२ रुपये’: एका कॅरूसेलचा हिशेब

संस्था बीड जिल्ह्यातली. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या मुलांसाठी ती हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडे निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात, आणि मधल्या काळात मुलांची शाळा बुडू नये म्हणून ती इथे राहतात. संस्थेचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून रकमा हजारात गोल केल्या आहेत आणि थोड्या हलवल्या आहेत. प्रमाण तेच आहे.

मी त्यांच्या इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपच्या पोस्ट करून देतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही एक पोस्ट टाकली होती. त्यात दोन दावे होते. एक, ‘तुमची १०० टक्के रक्कम मुलांपर्यंत’. दुसरा, ‘फक्त १,५०० रुपयांत एका मुलाचा महिना’. दोन दिवसांनी पुण्याहून एका जुन्या देणगीदारांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दरवर्षी न चुकता पैसे पाठवणारे. आवाजात राग नव्हता. म्हणाले, “मी मागे तुमच्याकडे येऊन जेवलोय. पिठलं-भाकरी छान होती. शंभर टक्के मुलांना, तर मग त्या भाकरी थापणाऱ्या बायकांना पगार कोण देतं?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. अध्यक्षकाकांकडेही नव्हतं. पोस्ट काढून टाकली आणि त्याच विषयावर नवं कॅरूसेल, म्हणजे सरकवत बघायच्या अनेक स्लाइडची पोस्ट, करायचं ठरलं.

आधी १,५०० हा आकडा आला कुठून ते शोधलं. तो २०१६ च्या एका माहितीपत्रकातला निघाला. तेव्हा कोणीतरी महिन्याचं किराण्याचं बिल मुलांच्या संख्येने भागलं होतं. त्यात गॅस नव्हता, दूध नव्हतं, भाजी नव्हती, स्वयंपाकीण नव्हती, भाडं नव्हतं. खोटं लिहायचा हेतू कोणाचाच नव्हता. पण आठ वर्षं तोच आकडा एका पत्रकातून दुसऱ्यात चिकटवला गेला आणि डाळ-तेलाचे भाव वर गेले तरी तो जागचा हलला नाही.

मग तपासलेले हिशेब काढले. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचं उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊच्या ठरावीक नमुन्यात धर्मादाय कार्यालयात जातं. त्यात आस्थापना खर्च, लेखापरीक्षण फी, घसारा अशा ओळी असतात आणि शेवटी ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’, तोही शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण अशा शीर्षांखाली. हा नमुना नियंत्रणासाठी केलेला आहे, वाचकासाठी नाही. ‘जेवणावर किती?’ हे त्यातून कळतच नाही. शिवाय आमच्या हिशेबनीसांनी सगळेच पगार आस्थापना खर्चात टाकले होते. त्यामुळे ती ओळ साडेआठ लाखांच्या आसपास गेली होती, २४ लाखांच्या एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त. कोणी नुसतं ते पत्रक पाहिलं असतं तर म्हणाला असता, ही संस्था तिसरा हिस्सा ऑफिसवर उडवते.

म्हणून पत्रक बाजूला ठेवून खतावणी उघडली. तीन दिवस मी, हिशेबनीस आणि गृहपाल ताई बसून एकेक नोंद वाटत गेलो. किराणा, भाजी, दूध आणि गॅस मिळून ९,३६,००० झाले. मुलांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे पगार ७,२०,०००. भाडं, वीज, पाणी २,८८,०००. वह्या, कपडे, अंथरुणं, औषधं २,१६,०००. प्रवास ७२,०००. आणि ऑफिस १,६८,०००. बेरीज बरोबर २४,००,०००, आणि ती तपासलेल्या हिशेबातल्या एकूण खर्चाशी जुळली. हे जुळणं हीच पहिली कसोटी होती. वाटणी कशीही करा, तळाची बेरीज लेखापरीक्षकाच्या सहीखालच्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. आमची पहिल्यांदा साडेअकरा हजारांनी चुकली. कार्डावरून आलेल्या देणग्यांवर पेमेंट गेटवे कमिशन कापतो. आमच्याकडे दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजारावर २३ रुपये ६० पैसे. मी काढलेल्या यादीत ती देणगी कापून आलेल्या रकमेने धरली होती आणि कमिशन कुठेच नव्हतं. पावती मात्र हजाराचीच दिलेली. हजार जमेला आणि २३.६० खर्चाला, असं मांडल्यावर जुळलं.

खरा वाद पगारांवर झाला. स्वयंपाकिणीचा पगार म्हणजे मुलांवरचा खर्च की प्रशासकीय? मला यात शंका नव्हती, पण एका विश्वस्तांना होती. त्यांनी परदेशी देणगीच्या कायद्याचा दाखला दिला: २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे, उद्या कोणी विचारलं तर? आम्हाला परदेशी देणगी येतच नाही, त्यामुळे ती मर्यादा आम्हाला लागू नाही. पण त्याच कायद्याचे नियम वाचले तर आमचाच मुद्दा बळकट होतो. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार ते प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, कारण संस्थेचं काम म्हणजेच ते. वसतिगृहात गृहपाल आणि स्वयंपाकीण यांचं तेच.

अवघड माणूस एकच निघाला: गृहपाल ताई स्वतः. ऑक्टोबर ते एप्रिल त्या रात्रंदिवस वसतिगृहात. उरलेले पाच महिने गावोगाव फिरून पालकांशी बोलणं, शाळेचे दाखले, कागदपत्रं, ऑफिस. त्यांचे बारा महिन्यांचे पैसे एकाच खान्यात टाकणं सोयीचं होतं, पण खरं नव्हतं. शेवटी सात महिन्यांचे ‘मुलांमधल्या कामात’ आणि पाच महिन्यांचे, म्हणजे ७०,०००, ‘ऑफिस’मध्ये. ही वाटणी कोणी आणखी वेगळी करू शकेल, म्हणून ती कॅरूसेलमध्येच छापली. वाटणीचा नियम दाखवला की ती पटली नाही तरी तिच्यावर बोट ठेवता येतं. लपवला तर सगळ्याच आकड्यांवर संशय येतो.

आता दिवसाचा खर्च. पटावर ६६ मुलं होती, म्हणून २४ लाखांना ६६ ने भागायचं, असं काकांचं म्हणणं. पण सगळी मुलं सगळे दिवस नसतात. कोणी नोव्हेंबरच्या अखेरीस येतं, कोणाला संक्रांतीला आई फडावर घेऊन जाते आणि आठवड्याने आणून सोडते. शिवाय हंगाम आर्थिक वर्षाला जुमानत नाही. एप्रिलचा पहिला पंधरवडा मागच्या हंगामातल्या मुलांचा, पण खर्च या वर्षाच्या वहीत. म्हणून मुलं न मोजता मुक्काम मोजले. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळात रात्रीच्या हजेरीपटावर एकूण १०,८०० हजेऱ्या होत्या. २४ लाख भागिले १०,८००, म्हणजे एका मुलाच्या एका दिवसाला २२२ रुपये. त्यातलं जेवण ८७ रुपयांचं. महिन्याचा हिशेब केला तर ६,६६७. आम्ही आठ वर्षं १,५०० सांगत होतो.

हा आकडा बैठकीत वाचल्यावर खोलीत थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग काका म्हणाले, “अहो, चौपट झालं हे. लोक म्हणतील, मधल्या मध्ये खाल्ले.”

त्यांची भीती पोकळ नव्हती. पगार, ऑफिस हे शब्द दिसले की देणारा हात आखडतो, हे सगळ्याच संस्थांचं दुखणं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत संस्थांची माहिती आणि गुणांकन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी मिळून देणगीदारांना उघड पत्र लिहिलं होतं की, नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था तोलू नका. ज्यांचा धंदाच संस्था तोलण्याचा, त्यांना हे सांगावं लागलं. पण आमच्या देणगीदारांना अमेरिकेतलं पत्र दाखवून काय होणार होतं? त्यांना भाकरी थापणारी बाई ठाऊक होती. तीच दाखवायची ठरली.

कॅरूसेल आठ स्लाइडचं झालं. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात २२२ आणि खाली एकच ओळ: ‘आमच्याकडे एका मुलाच्या एका दिवसाला इतका खर्च येतो. कुठे जातो ते पुढे.’ दुसऱ्या स्लाइडवर जुनी चूक: ‘आम्ही आजवर १,५०० रुपयांत महिना म्हणत होतो. तो २०१६ चा, फक्त किराण्याचा आकडा होता. चुकलं.’ ही स्लाइड ठेवावी की नाही यावर सर्वांत जास्त वेळ गेला. मी अडून बसलो, कारण ज्यांनी आधी १,५०० दिले होते त्यांना २२२ दिसताच पहिला प्रश्न तोच पडणार होता, आणि तो त्यांनी विचारण्याआधी आपण बोललेलं बरं.

तिसऱ्या स्लाइडवर मी आधी २२२ रुपयांचे तुकडे दाखवले होते: जेवण ८७, माणसं ६७, जागा-वीज २७, वह्या-कपडे-औषधं २०, प्रवास ७, ऑफिस १६. छान दिसत होतं. हिशेबनीसांनी सहज बेरीज केली आणि चष्मा कपाळावर सरकवला. “दोनशे चोवीस होतात.” प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे गोल केला होता आणि गोल करताना एक सोडून सगळे वर गेले होते. ८६.६७ चे ८७, ६६.६७ चे ६७, २६.६७ चे २७. दोन रुपयांचा फरक काहीच नाही, पण पारदर्शकतेच्या पोस्टमध्ये बेरीज न जुळणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकणं. आणि बेरीज करून पाहणारे असतातच. पुण्याच्या त्या गृहस्थांनी तर केलीच असती.

एखाद्या तुकड्यातून रुपया कापून जुळवणं शक्य होतं, पण मग तो आकडा खतावणीशी जुळला नसता. म्हणून वाटणी रुपयात दाखवायचीच नाही असं ठरवलं. शंभरातले किती, ते दाखवलं: जेवण ३९, माणसं ३०, जागा-वीज १२, वह्या-कपडे-औषधं ९, प्रवास ३, ऑफिस ७. बेरीज शंभर. दिवसाच्या रुपयांचे फक्त दोन आकडे ठेवले, २२२ आणि ८७. चित्रही बदललं. गोल चक्तीचा आलेख फोनवर कोणाला वाचता येत नाही, लहान फाक तर दिसतच नाही. त्याऐवजी दहा बाय दहा चौकोनांची जाळी केली, प्रत्येक चौकोन एक रुपया. ऑफिसचे सात चौकोन बोटाने मोजता येतात. ‘प्रशासकीय खर्च केवळ ७ टक्के’ या वाक्यापेक्षा ते मोजणं जास्त काम करतं, आणि ‘केवळ’ हा शब्द तर मी सगळीकडूनच काढला.

चौथी स्लाइड जेवणाची. तिथे मुलाचा हसरा चेहरा टाकायची सवय मोडली. मुलांचे चेहरे आम्ही आता वापरत नाही, आणि इथे विषय पैशांचा होता. आठवडी बाजारातली भाजीची चिठ्ठी टाकली. वहीचा फाडलेला कागद, त्यावर पेनने ‘वांगी १२ कि, कांदा २०, मेथी ४० जु.’, खाली बेरीज, कोपऱ्यात तेलाचा डाग. विक्रेत्याचा नंबर झाकला. बाजारात पक्कं बिल मिळत नाही, म्हणून अशा खरेदीला संस्थेचं व्हाउचर जोडून घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही घेतो, हेही लिहिलं. कच्ची बिलं ही लहान संस्थांची खरी नाजूक जागा. ती झाकून फक्त किराणा दुकानाची छापील बिलं दाखवली असती तर स्लाइड देखणी झाली असती, पण अर्धवट. त्याच स्लाइडवर आणखी एक ओळ: ‘याशिवाय गावांनी १८ क्विंटल ज्वारी दिली. ती रुपयांत धरलेली नाही.’ ती ओळ नसती तर ८७ रुपयांत तीन वेळा जेवण कसं होतं, हे कोडंच राहिलं असतं.

पाचवी स्लाइड माणसांची. ‘पगार’ हा शब्द टाळला नाही, पण एकटा सोडला नाही. ‘तीन स्वयंपाकिणी. पहाटे साडेचारला चूल पेटते. प्रत्येकीला महिना ९,०००, सात महिने. मिळून १,८९,०००.’ त्याखाली रात्री झोपायला असणारे दोन सहायक आणि संध्याकाळचा अभ्यास घेणाऱ्या दोन शिक्षिका. सहावी ऑफिसची: हिशेबनीस, लेखापरीक्षण, बँक-गेटवे-फोन-छपाई, आणि गृहपाल ताईंच्या पगाराचा तो वाटणीचा नियम.

सातवी स्लाइड मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि बहुतेक संस्था ती करतच नाहीत: उरलेल्या पैशांची. वर्षात आले २६,१०,०००, खर्च झाले २४,००,०००. मग २,१०,००० कुठे? ते बँकेत होते, आणि कारण साधं आहे. करबचतीमुळे देणग्या मार्चमध्ये दाटीने येतात, आणि पुढच्या हंगामाचा किराणा ऑक्टोबरात भरावा लागतो. कायम निधी वेगळा, त्याला हात लावत नाही, हेही तिथेच. याच स्लाइडवर एक कबुली: ‘तुमचे २२२ रुपये ठरावीक एका मुलाच्या नावे जात नाहीत. सगळे एकाच खात्यात येतात आणि वर दाखवल्याप्रमाणे खर्च होतात.’

आठव्यावर पैसे पाठवायची माहिती आणि तपासलेले हिशेब हवे असतील तर कुठे मागायचे ते. ‘करात ५० टक्के सूट’ हे जुनं वाक्य मात्र दुरुस्त केलं. आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली तेव्हा आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेचा अर्धा भाग मर्यादेत राहून उत्पन्नातून वजा होत असे, करातून नाही, आणि तोही जुनी करपद्धती निवडली असेल तरच. लोक समजत होते की हजार दिले की पाचशे परत.

दोन गोष्टी करताना उमगल्या. पहिली अशी की, कॅरूसेल कधीच अखंड राहत नाही. लोक एका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. ऑफिसच्या सात चौकोनांची स्लाइड एकटी फिरली तर तिचा अर्थ काहीही होऊ शकतो. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी तीच ओळ: ‘आर्थिक वर्ष २०२३-२४, तपासलेल्या हिशेबावरून, एकूण खर्च २४ लाख’. दुसरी अक्षरांची. १०८० बाय १३५० पिक्सेलच्या स्लाइडवर बारीक फॉन्टमध्ये १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. माझ्या आईच्या फोनवर पाहिलं तेव्हा १२ चे ९२ वाचले गेले. फॉन्ट जाड केला, ओळींमध्ये हवा सोडली आणि प्रत्येक स्लाइडवरचे शब्द निम्मे केले.

परिणाम कसा मोजायचा? लाइक मोजून काही कळत नाही. पण २२२ ही रक्कम विचित्र आहे आणि तीच कामाला आली. बँकेच्या उताऱ्यात २२२, ४४४, १,११० अशा नोंदी दिसल्या की त्या इथूनच आल्या, हे वेगळं विचारावं लागत नाही. महिनाभरात अशा ३८ नोंदी आल्या, मिळून ६१,७१६ रुपये. त्याच महिन्यात १,५०० च्या नोंदी नेहमीच्या विसाऐवजी सात होत्या. म्हणजे काही जण एका रकमेवरून दुसरीवर आले, सगळेच नवे नव्हेत. शिवाय हंगाम सुरू झालेला, ऊसतोडीच्या बातम्या रोज पेपरात. सगळं श्रेय कॅरूसेलला देण्याइतका पुरावा या एका महिन्यात नाही.

काकांना भीती होती तो प्रश्न, ‘मधल्या मध्ये किती खाल्ले’, कोणीच विचारला नाही. आलेल्या प्रश्नांत शिल्लक रकमेचे दोन-चार होते, ज्वारीचा एक होता. सर्वांत जास्त प्रश्न पाचव्या स्लाइडवर आले, आणि ते आम्ही कल्पनाही केली नव्हती असे. छत्रपती संभाजीनगरहून एका शिक्षिकेने लिहिलं, “पहाटे साडेचारपासून साठ मुलांचा स्वयंपाक, आणि महिना नऊच हजार?” तेच पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत. पुण्याच्या गृहस्थांनी फोन केला तोही त्याच स्लाइडवरून.

याचं उत्तरही आमच्याकडे नव्हतं. ‘मानधन आहे, पगार नाही,’ असं काका म्हणून पाहत होते, पण स्लाइडवर आम्हीच पगार म्हटलं होतं. जानेवारीच्या बैठकीत विषय निघाला. पुढच्या हंगामासाठी तिघींचे ११,००० ठरले, म्हणजे सात महिन्यांत ४२,००० जास्त. हिशेबनीसांनी तिथेच कागदावर आकडा मांडला आणि मला म्हणाले, “पुढच्या वर्षी तुमचे तीस चौकोन एकतीस-बत्तीस होतील. कुठला रंग कमी करायचा ते आत्ताच बघून ठेवा.”